जादा पगाराची खरी किंमत

जालना जिल्ह्यातील जाफ्राबाद तालुक्यातले टेंभुर्णी हे कापूस-सोयाबीनवर जगणारे गाव. अशा गावातल्या पदवीधर तरुणापुढे आज दोन वाटा ठेवल्या जातात. एक वाट तलाठ्याच्या, लिपिकाच्या किंवा शिपायाच्या सरकारी जागेची, आणि दुसरी जालन्याच्या, वाळूजच्या किंवा पुण्याच्या कारखान्यातल्या अधिक पगाराच्या नोकरीची. सरकारी नोकरीचे वेड सोडा, खाजगी क्षेत्रात पैसा आहे, असा साळसूद सल्ला वृत्तपत्रांतून, व्यासपीठांवरून आणि खुद्द सत्ताधाऱ्यांच्या तोंडून या तरुणाला मिळत असतो. सरकारी नोकरीमागे धावणारा तरुण आळशी, सुरक्षिततेला लालचावलेला आणि कर्तृत्वहीन, असा त्या सल्ल्याचा सूर असतो.

हा सल्ला देणारे दोन्हीकडच्या पगारांचे आकडे शेजारी मांडतात आणि थांबतात. वास्तविक त्या आकड्यांपलीकडेच तुलनेला आरंभ होतो. सरकारी पगाराच्या मागे महागाई भत्ता, निवृत्तिवेतन आणि बदलीचा कायदा असे तीन हक्क उभे असतात. खाजगी क्षेत्रातला जादा पगार ही बहुतांशी या तीन हक्कांची आगाऊ दिलेली किंमत असते, आणि ती किंमत कमी दिली जाते. हे विधान घोषणेसारखे वाटू नये म्हणून त्याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल टेंभुर्णीचा एक पंचवीस वर्षांचा तरुण घेऊ. त्याच्या हाती दोन पत्रे आहेत असे समजू. पहिले पत्र जालना जिल्ह्यातील तलाठीपदाचे. या पदाचे नाव २०२४ साली शासनाने 'ग्राम महसूल अधिकारी' असे केले असले, तरी गावाच्या तोंडी तलाठीच आहे. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत या पदाचे मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर जानेवारी २०२५ पासूनच्या ५५ टक्के दराने महागाई भत्ता १४,०२५ रुपये आणि ग्रामीण भागाच्या १० टक्के दराने घरभाडे भत्ता २,५५० रुपये. एकूण ४२,०७५ रुपये; वाहतूक भत्ता वेगळा. दुसरे पत्र वाळूजच्या एखाद्या कारखान्यातल्या सुपरवायझरच्या जागेचे, महिना ५५,००० रुपयांचे. तेरा हजारांचा फरक डोळ्यांत भरतो, आणि सल्लागारांचे काम तेथेच संपते.

परंतु कंपनीचा ५५,००० हा आकडा पगाराचा नाही. कंपन्यांच्या भाषेत त्याला 'सीटीसी' म्हणतात. म्हणजे नोकरावर मालकाला होणारा एकूण खर्च. त्याची फोड साधारणपणे अशी असते. मूळ वेतन २७,५००, घरभाडे ११,०००, विशेष भत्ता सुमारे ८,४००. उरलेल्या रकमेत मालकाने भविष्यनिर्वाह निधीत भरायचे १,८०० रुपये आहेत, ग्रॅच्युइटीसाठी दरमहा बाजूला काढल्याचे दाखवलेले सुमारे १,३०० रुपये आहेत, आणि वर्षाअखेरीस कंपनीची मर्जी असेल तर मिळणारे कामगिरीचे ५,००० रुपये आहेत. ग्रॅच्युइटीचा हक्क कायम नोकराला सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर येतो. चौथ्या वर्षी नोकरी सुटली तर पगार म्हणून मोजलेले ते पैसे कंपनीच्याच तिजोरीत राहतात. नोकराचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता आणि व्यवसाय कर वजा जाता हातात पडतात सुमारे ४४,९०० रुपये.

तलाठ्याच्या हातात निवृत्तिवेतनाची १० टक्के कपात आणि व्यवसाय कर वजा जाता सुमारे ३७,९०० रुपये पडतात. तेरा हजारांचा फरक येथे सात हजारांवर आला. शिवाय सरकार मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १४ टक्के, म्हणजे सुमारे ५,५०० रुपये दरमहा निवृत्तिवेतनासाठी भरते. ते सरकारी पगारपत्रकात वेतन म्हणून मोजले जात नाहीत. कंपनी आपला हप्ता पगारात मोजते, सरकार मोजत नाही. म्हणून एकाच मापाने मोजायचे तर ५५,००० च्या समोर ४२,०७५ नव्हे, तर सुमारे ४७,६०० ठेवले पाहिजेत.

तरीही सात हजार कमी मिळतात हे खरे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, या सात हजारांच्या मोबदल्यात टेंभुर्णीच्या तरुणाने काय सोडले?

पहिली गोष्ट महागाई भत्ता. सातव्या वेतन आयोगाची रचना २०१६ च्या जानेवारीपासून लागू झाली, तेव्हा हा भत्ता शून्य होता. जानेवारी २०२५ पर्यंत तो ५५ टक्क्यांवर गेला. ही पगारवाढ नव्हे. बाजारात चढलेल्या भावांची ही अंशतः केलेली भरपाई आहे. वार्षिक वेतनवाढ सुमारे ३ टक्के, ती वेगळी. शिवाय वेतन आयोग बसतो तेव्हा साचलेला महागाई भत्ता मूळ वेतनात मिसळतो: २००६ च्या रचनेत या पदावर लागणाऱ्याचे आरंभीचे वेतन ९,९१० रुपये होते, तेच २०१६ च्या रचनेत २५,५०० झाले. कंपनीच्या सुपरवायझरला असे संरक्षण देणारा कोणताही कायदा नाही. किमान वेतनावरच्या मजुराला निर्देशांकाशी बांधलेला विशेष भत्ता तरी असतो; त्याच्या वर गेलेल्याची पगारवाढ मालकाच्या इच्छेवर असते. पाच वर्षे पगार गोठला तर त्याने दाद मागायची कोठे?

हा भत्ता कोणा दयाळू मुख्यमंत्र्याने दिलेला नाही. १९७७ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील राज्य कर्मचारी रा. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून संपावर गेले आणि ५४ दिवस संपावर राहिले. आज ज्याला 'सरकारी लाड' म्हटले जाते, त्याच्या मुळाशी त्या ५४ दिवसांचा बुडालेला पगार आहे. आणि संघटना गाफील राहिली की हा हक्कही आक्रसतो. जानेवारी २०२० ते जून २०२१ या अठरा महिन्यांचे वाढीव हप्ते साथीचे कारण सांगून गोठविण्यात आले, आणि त्या काळाची थकबाकी कर्मचाऱ्यांना मिळाली नाही.

दुसरी गोष्ट निवृत्तिवेतन. येथे फसवणूक सर्वांत मोठी आहे. खाजगी नोकरीतही पेन्शन असते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. ती म्हणजे १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. तिचे सूत्र सोपे आहे: निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे, वीस वर्षे सेवा झाली असेल तर दोन वर्षे वाढवून धरायची. परंतु या सूत्रातील वेतनाला १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपयांची मर्यादा घातलेली आहे. म्हणजे या मर्यादेत राहून तेहतीस वर्षे घाम गाळलेल्या कामगाराला १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, अर्थात ७,५०० रुपये मिळणार. त्यावर महागाईची वाढ नाही. आज ठरलेली रक्कम त्याच्या मरणापर्यंत तेवढीच.

टेंभुर्णीच्या तरुणाला तर तेवढेही नाही. २०१४ च्या त्याच दुरुस्तीने असे ठरविले की, १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच नोकरीला लागणाऱ्याचे वेतन १५,००० हून अधिक असेल तर तो निवृत्तिवेतन योजनेचा सभासदच होणार नाही. त्याचे मूळ वेतन २७,५०० आहे. म्हणून त्याच्या नावावर भविष्यनिर्वाह निधीची रक्कम साठेल, पण निवृत्तिवेतनाचा एक रुपयाही त्याला मिळणार नाही. जादा पगाराच्या आनंदात नेमणूकपत्रावर सही करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते? हे ओळखण्याची खूणही साधी आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात निवृत्तिवेतनाचा स्वतंत्र रकाना असतो. मालकाचा हिस्सा भरला जात असूनही तो रकाना महिनोन्महिने शून्य दिसत असेल, तर पेन्शन नाही असे समजावे.

आता सरकारी बाजू. येथेही सत्य सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांची हमीची जुनी पेन्शन शासनाने काढून घेतली आणि त्यांना बाजारावर अवलंबून असलेल्या अंशदायी योजनेत लोटले. ती हमी परत येण्यास १४ मार्च २०२३ रोजी सुरू झालेला आणि आठवडाभर राज्याचा कारभार थांबविणारा संप कारणीभूत झाला. मार्च २०२४ मध्ये शासनाने सुधारित योजना जाहीर केली. तिचा पर्याय स्वीकारणाऱ्यास, पुरेशी सेवा झाली असल्यास, अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाईवाढ, तसेच त्याच्या पश्चात कुटुंबाला त्याच्या ६० टक्के, असे तिचे स्वरूप आहे. कर्मचाऱ्याची १० टक्के कपात तशीच राहिली. म्हणजे जुनी पेन्शन जशीच्या तशी परत आलेली नाही.

तरीही हिशेब करून पाहावा. पुढचा एकही वेतन आयोग धरला नाही, केवळ ३ टक्के वार्षिक वेतनवाढ धरली, तर २५,५०० वर लागलेल्या तलाठ्याचे मूळ वेतन ५८ व्या वर्षी सुमारे ६७,६०० होते. त्याचे निम्मे ३३,८०० रुपये, आणि त्यावर महागाईवाढ. दुसऱ्या बाजूला कारखान्यातल्या कामगाराचे ७,५००, किंवा शून्य.

येथे प्रतिपक्षाचा एक युक्तिवाद ऐकून घेतला पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. तो म्हणतो: दरमहा जादा मिळणारे सात हजार बाजूला टाका, ८ टक्के व्याजाने तेहतीस वर्षांत एक कोटी तीस लाखांहून अधिक रक्कम जमेल आणि पेन्शनची गरजच उरणार नाही. गणित बरोबर आहे. मात्र त्यात न उच्चारलेल्या चार अटी दडलेल्या आहेत. तेहतीस वर्षे नोकरी एकदाही सुटता कामा नये. पगार तलाठ्याच्या पुढेच राहिला पाहिजे. बहिणीचे लग्न, बापाचे आजारपण आणि दुष्काळ यांपैकी कशासाठीही त्या पैशाला हात लागता कामा नये. आणि व्याजाचा दर तीन दशके टिकला पाहिजे. यांपैकी एक अट मोडली तरी तोटा कोणाचा? तरुणाचा. पेन्शनचे मर्म रकमेत जितके आहे, त्याहून अधिक जोखीम कोणी वाहायची यात आहे. सरकारी नोकरीत दीर्घायुष्याची आणि महागाईची जोखीम समाज वाहतो. खाजगी नोकरीत ती एकट्या माणसाच्या पाठीवर टाकून तिला 'आर्थिक नियोजन' असे गोंडस नाव दिले जाते.

ही जोखीम पाठीवर पडली म्हणजे काय होते, हे पाहायला टेंभुर्णीहून फार दूर जावे लागत नाही. जाफ्राबाद तालुक्याला लागूनच बुलडाणा जिल्हा आहे. १९९५ च्या योजनेतील वृद्ध पेन्शनधारकांनी २४ डिसेंबर २०१८ रोजी बुलडाण्याला साखळी उपोषण सुरू केले आणि ते वर्षानुवर्षे चालविले. त्यांची मुख्य मागणी दरमहा ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता ही. ज्या योजनेत किमान पेन्शन २०१४ साली १,००० रुपये ठरली, तिच्यात आयुष्य घातलेले हे लोक आहेत. खाजगी नोकरीची महती गाणाऱ्यांनी एकदा त्या मंडपात जाऊन बसावे.

तिसरी गोष्ट बदली. सरकारी नोकरीत बदलीची टांगती तलवार असते, खाजगीत ती नसते, अशी एक समजूत आहे. ती साफ चुकीची आहे. राज्य कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी २००५ चा कायदा आहे, जो १ जुलै २००६ पासून अमलात आला. एका पदावरचा सामान्य कालावधी तीन वर्षांचा. मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्याची दुसऱ्या कार्यालयात बदली व्हायची ती असे दोन पूर्ण कालावधी झाल्यावर. बदल्या एरवी एप्रिल-मे महिन्यांत. गट ड च्या शिपायाला तर असा कालावधीच नाही. त्याची बदली सामान्यतः स्वतःच्या विनंतीवरून किंवा गंभीर तक्रार असेल तरच. मुदतीपूर्वी बदली करायची झाल्यास तिची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते.

समजा, वाळूमाफियाच्या ट्रॅक्टरवर कारवाई केली म्हणून आपल्या तलाठ्याला दुसऱ्याच वर्षी ऑक्टोबरात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला फेकले. आदेशात केवळ 'प्रशासकीय कारणास्तव' एवढे दोन शब्द असतील आणि नस्तीत कारणांची नोंद नसेल, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे असा आदेश टिकणे कठीण असते. त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. खंडपीठ छत्रपती संभाजीनगरात आहे. अर्थात कायद्याला पळवाटा आहेत. कारणे मागाहून रचली जातात, विनंती बदल्यांचा बाजार भरतो, आणि ज्याने कोकणातल्या जिल्ह्यातून जागा मिळविली त्याला आपल्या जिल्ह्यात परतताना सेवाज्येष्ठतेवर पाणी सोडावे लागते. पण कारण विचारण्याचा हक्क आणि ते विचारण्याची जागा, दोन्ही अस्तित्वात आहेत.

खाजगी नेमणूकपत्रात बहुधा एक ओळ असते: कंपनीच्या देशातील कोणत्याही शाखेत किंवा संलग्न कंपनीत बदली करण्याचा अधिकार व्यवस्थापनाला राहील. वाळूजहून गुजरातेतल्या कारखान्यात आठ दिवसांत हजर व्हा, असे पत्र आले की हजर व्हायचे किंवा राजीनामा द्यायचा. कित्येकदा राजीनामा हाच त्या पत्राचा हेतू असतो. नुकसानभरपाई न देता माणूस काढण्याची ती स्वस्त रीत आहे. धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा होय, असे महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यातच लिहून ठेवले होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कलम आहे. पण ते 'कामगारा'साठी. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस त्या संहितेच्या लेखी कामगारच नाही. म्हणजे १५,००० ची रेषा ओलांडली की पेन्शन गेली, १८,००० ची ओलांडून सुपरवायझर झाला की दाद गेली. सुपरवायझर ही पदवी बढती म्हणून मिरवली जाते. प्रत्यक्षात ती अनेकदा माणसाला कायद्याच्या छत्राबाहेर काढण्याची युक्ती असते.

या हिशेबातून सरकारी कर्मचाऱ्यांविरुद्ध असूया जागविणे हा भांडवलदारी प्रचाराचा जुना डाव आहे. २०२३ च्या संपात तो पुन्हा खेळला गेला. यांना पेन्शन कशाला, असे म्हणत बेकार तरुणांना संपकऱ्यांपुढे उभे करण्यात आले. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत सरकारी पदे कंत्राटी पद्धतीने भरण्याचा निर्णय काढला. तरुणांच्या संतापामुळे ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. कर्मचाऱ्यांचे हक्क काढून घेतल्याने बेकाराला नोकरी मिळत नाही. त्याला मिळणारी नोकरी तेवढी हक्कहीन होते, हा धडा त्या दोन महिन्यांत मिळाला. साडेचार हजारांच्या आसपास तलाठीपदांसाठी २०२३ साली दहा लाखांहून अधिक अर्ज आले, ते तरुण आळशी होते म्हणून नव्हे. खाजगी क्षेत्राने या तीन हक्कांपैकी एकही न दिल्यामुळे ते आले.

संघटित कर्मचाऱ्यांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. तलाठ्याच्या शेजारीच, ग्रामपंचायतीत संगणक परिचालक, अंगणवाडीत सेविका आणि दारोदार फिरणारी आशा मानधनावर राबत असतात. त्यांना ना महागाई भत्ता, ना हमीची पेन्शन. आपला लढा जिंकून जी संघटना यांच्याकडे पाठ फिरवील, तिच्या पाठीशी पुढच्या संपात गाव उभे राहणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी टेंभुर्णीच्या तरुणाला सरकारी की खाजगी असा कौल देण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्या हातातले नेमणूकपत्र त्याच्यासमोर उलगडावे: मूळ वेतन किती, मालकाचा हप्ता पगारात मोजला आहे काय, पेन्शनचे सभासदत्व आहे काय, बदलीची ओळ कोणती, हुद्दा कोणता. आणि मग मागणी सांगावी: पेन्शनवरील १५,००० ची मर्यादा उठवा, पेन्शनला महागाईशी जोडा, सुपरवायझर म्हणविणाऱ्या नोकरालाही बदलीचे लेखी कारण मिळण्याचा हक्क द्या. तलाठ्याजवळ जे आहे ते कमी करून न्याय होणार नाही. ते वाळूजच्या कारखान्याच्या फाटकाच्या आत नेले तरच होईल.